खो कुठे चुकला?

काही वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या पिशवीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात नऊ-दहा पेनड्राइव्ह. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने लिहिलेलं नाव: विंडोज, उबुंटू, मिंट, डिस्क-कॉपी. घामाने अक्षरं पुसली जायची आणि ऐन वेळी हवा तो पेनड्राइव्ह सोडून बाकी सगळे हाताला लागायचे. आता डब्यात बिस्किटं असतात. किल्ल्यांच्या जुडग्याला एकच ६४ जीबीचा पेनड्राइव्ह लटकतो आणि त्यात सात इन्स्टॉलर आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्यानंतर ओळखीच्या एका शाळेतून निरोप आला. संगणक खोलीतली जुनी यंत्रं विंडोज ११ घेत नव्हती, त्यांवर लिनक्स मिंट घालायचं होतं. दोन-तीन नवी होती, त्यांवर विंडोज ११ नव्याने बसवायचं होतं. हाच एक पेनड्राइव्ह घेऊन मी रविवारी सकाळी गेलो. बहुतेक यंत्रांवर तो शहाण्यासारखा चालला. तीन यंत्रांवर त्याने तीन वेगवेगळी नाटकं केली. त्या तीन नाटकांमधूनच हे साधन आतून कसं चालतं ते नीट समजतं, म्हणून त्यांचीच गोष्ट सांगतो.

आधी मुळाकडे. विंडोज किंवा लिनक्स उतरवून घेतलं की हातात .iso अशा शेपटीची एकच मोठी फाइल येते. ती म्हणजे एका अख्ख्या सीडीची हुबेहूब प्रत. मिंटची साधारण तीन जीबीची, विंडोज ११ ची त्याहून बरीच मोठी. ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर संगणक तिच्यातून सुरू होत नाही, कारण सुरू होताना तो विशिष्ट जागी विशिष्ट प्रोग्राम शोधत असतो. बंद पेटीच्या आत ठेवलेली चावी त्याला दिसत नाही. म्हणून रूफससारखी साधनं ही पेटी उघडून आतलं सामान पेनड्राइव्हवर मांडतात. मांडणी उत्तम होते, पण एका पेनड्राइव्हवर एकाच पेटीची. दुसरी हवी असेल तर पहिली पुसायची.

२०२० साली आलेल्या व्हेंटॉय या मुक्त साधनाने पेटी उघडायचीच नाही असं ठरवलं. ते पेनड्राइव्हचे दोन भाग करतं. मोठ्या भागात तुम्ही आयएसओ फाइली जशाच्या तशा टाकायच्या. दुसरा भाग अवघा ३२ एमबीचा, VTOYEFI नावाचा. त्यात व्हेंटॉयचा स्वतःचा छोटा प्रोग्राम राहतो. संगणक सुरू झाला की तो मोठ्या भागातल्या सगळ्या आयएसओ फाइली हुडकून त्यांची यादी पडद्यावर मांडतो. तुम्ही एक निवडली की ती फाइल म्हणजे जणू खरीच सीडी घातली आहे असा देखावा तो पुढच्या प्रोग्रामसमोर उभा करतो. नवा इन्स्टॉलर हवा असेल तर फाइल कॉपी करायची, नको झाला तर डिलीट करायची. यादी आपोआप बदलते.

तयार करायला दहा मिनिटं लागतात. व्हेंटॉयच्या मूळ संकेतस्थळावरून झिप फाइल उतरवायची, उघडायची आणि Ventoy2Disk.exe चालवायचं. यादीतून आपला पेनड्राइव्ह निवडायचा, Option मध्ये Secure Boot Support वर खूण आहे ना ते बघायचं आणि Install दाबायचं. ते दोनदा विचारतं की सगळं पुसलं जाईल, चालेल का? हा प्रश्न दोन्ही वेळा वाचूनच उत्तर द्या. लिनक्सवर हेच काम एका ओळीत होतं:

```
sudo sh Ventoy2Disk.sh -i /dev/sdX
```

इथे sdX च्या जागी तुमच्या पेनड्राइव्हचं खरं नाव येतं. ते lsblk या आज्ञेने आधी बघून घ्यावं. एक अक्षर चुकलं तर पेनड्राइव्हऐवजी घरची हार्डडिस्क पुसली जाते. पुढे व्हेंटॉयची नवी आवृत्ती आली की Install नव्हे, Update दाबायचं. त्याने छोटा भाग तेवढा बदलतो, तुमच्या फाइली जागेवर राहतात. मोठा भाग एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होतो आणि ते सोयीचं असतं, कारण जुन्या फॅट३२ मध्ये चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजची आयएसओ तर त्याहून मोठी असते.

आता नाटकांकडे. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू होणं हा खो-खोचा डाव आहे असं समजा. पहिला गडी म्हणजे संगणकाच्या मदरबोर्डवरचं फर्मवेअर, ज्याला आपण अजून सवयीने बायोस म्हणतो. ते जागं होतं, पेनड्राइव्ह शोधतं आणि व्हेंटॉयला खो देतं. व्हेंटॉय यादी दाखवतो, तुम्ही निवड करता, तो इन्स्टॉलरच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, खो देतो. खो दिलेला गडी खाली बसतो, पुढे धावायचं ते नव्याने. पेनड्राइव्ह बिघडला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा यांतला एखादा खो चुकलेला असतो. कुठला, हे पडद्याकडे नीट पाहिलं तर कळतं. व्हेंटॉयची यादी दिसलीच नाही तर पहिला खो. यादी दिसली, निवड झाली आणि मग अडलं, तर दुसरा.

पहिलं नाटक मुख्याध्यापकांच्या नव्या लॅपटॉपवर झालं. पेनड्राइव्ह लावला, सुरू केला आणि पडद्यावर निळी चौकट आली: Verification failed: (0x1A) Security Violation. संगणकाचे सर मागे उभे होते. घाबरून म्हणाले, “सर, तुमच्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस आहे की काय?”

व्हायरस नव्हता. नव्या संगणकांत सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी असतो. ज्या प्रोग्रामवर त्याच्या ओळखीची सही आहे तोच सुरू होऊ द्यायचा, हा त्याचा नियम. व्हेंटॉयचा पहिला तुकडा ओळखीच्या सहीचा असतो, पण त्याच्या मागून येणाऱ्या प्रोग्रामची सही पहारेकऱ्याच्या वहीत नसते. म्हणजे पहिला खो अर्ध्यात अडला होता. ती सही वहीत नोंदवायची सोय व्हेंटॉयने ठेवली आहे. चौकटीत OK दाबलं, पुढच्या पडद्यावर कुठलीही कळ दाबली की एक मेनू येतो. त्यात Enroll key from disk निवडायचं, मग VTOYEFI, मग ENROLL_THIS_KEY_IN_MOKMANAGER.cer ही फाइल. नंतर Continue, Yes आणि शेवटी Reboot. पुढच्या वेळी यादी सरळ समोर येते. ही नोंद त्या संगणकात राहते, पेनड्राइव्हमध्ये नाही. म्हणून प्रत्येक नव्या संगणकावर हे एकदा करावं लागतं, आणि घरी चाललेला पेनड्राइव्ह दुसरीकडे निळा पडदा दाखवतो याचं कारणही हेच.

यात एक मेख आहे. एकदा नोंद केली की त्या संगणकाचं दार व्हेंटॉयसाठी आणि व्हेंटॉयमधून येणाऱ्या कशाहीसाठी उघडं राहतं. दुसऱ्याच्या संगणकावर मला ते पटत नाही. मग दुसरा मार्ग म्हणजे कामापुरता सिक्युअर बूट बंद करायचा आणि काम झालं की परत चालू करायचा. तो धरण्याआधी डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप आहे का ते बघावंच लागतं. असेल तर सिक्युअर बूटला हात लावल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागून बसू शकतं आणि ती नसेल तर आतलं सामान आतच राहतं. मी मुख्याध्यापकांना आधी त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून ती की काढून वहीत लिहून घ्यायला लावली. मगच बटणाला हात लावला.

दुसरं नाटक जास्त फसवं होतं, कारण चूक पहिल्या खोची होती आणि ती दिसली पार शेवटी. नव्यांपैकी एका संगणकावर यादी आली, विंडोज ११ निवडलं, इन्स्टॉलर सुरू झाला, भाषा विचारून झाली. डिस्क निवडायच्या पडद्यावर आल्यावर त्याने सांगितलं की Windows cannot be installed to this disk. The selected disk is of the GPT partition style. इथे बरेच जण डिस्कवरचे सगळे भाग उडवून मोकळे होतात. त्याने विंडोज बसतं खरं, पण त्या डिस्कवर शाळेची दहा वर्षांची कागदपत्रं असतील तर तीही जातात.

खरं कारण वेगळं होतं. आजचं फर्मवेअर दोन पद्धतींनी धावू शकतं, जुन्या बायोस पद्धतीने किंवा नव्या यूईएफआय पद्धतीने. व्हेंटॉयचा पेनड्राइव्ह दोन्हींना खो द्यायला तयार असतो. म्हणून बूट मेनूत, जो संगणकागणिक F12, F9 किंवा Esc ने उघडतो, तोच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे UEFI लावून. मी घाईत वरचा निवडला होता. संगणक जुन्या पद्धतीने सुरू झाला, त्यामुळे इन्स्टॉलरही त्याच पद्धतीचा झाला आणि नव्या पद्धतीने आखलेली डिस्क त्याने नाकारली. संगणक बंद करून UEFI वाली ओळ निवडली आणि तोच इन्स्टॉलर निमूटपणे पुढे गेला. व्हेंटॉयच्या यादीखाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याची आवृत्ती लिहिलेली असते आणि तिच्याशेजारी BIOS किंवा UEFI. तिथे नजर टाकायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

तिसरं नाटक एका जुन्या डेस्कटॉपवर झालं. यादी आली, मिंट निवडलं, लोगो दिसला, ठिपके फिरले आणि मग काळ्या पडद्यावर ओळ उमटली: Unable to find a medium containing a live file system. म्हणजे मिंटचा कर्नल सुरू झाला होता आणि ज्या पेनड्राइव्हमधून तो आला तोच पेनड्राइव्ह त्याला सापडत नव्हता. दुसरा खो चुकला होता.

ऐकायला हे विचित्र वाटतं, पण खो-खोचा नियम आठवा. व्हेंटॉयची यादी दिसते तोवर पेनड्राइव्ह वाचायचं काम फर्मवेअर करत असतं, सावकाश आणि साध्या पद्धतीने. कर्नल उठला की फर्मवेअर खाली बसतं. कर्नल यूएसबीची सगळी व्यवस्था स्वतः नव्याने उभी करतो, पूर्ण वेगाने. मग व्हेंटॉयने पेरून ठेवलेला छोटा प्रोग्राम त्या पेनड्राइव्हवरची आयएसओ शोधून पुन्हा सीडीचा देखावा उभा करतो. या काही सेकंदांत पेनड्राइव्ह दिसला नाही तर सगळा डाव तिथेच संपतो.

संशयित दोन होते, अर्धवट कॉपी झालेली आयएसओ आणि पेनड्राइव्हची वाट. आयएसओ तपासायला दुसरा संगणक लागत नाही. व्हेंटॉयच्या यादीत तिच्यावर येऊन m दाबलं की तपासणीचा मेनू उघडतो. SHA256 निवडला की संपूर्ण फाइल वाचून तो तिचा चौसष्ट अक्षरांचा ठसा काढतो. तीन जीबीला जुन्या यंत्रावर बरीच मिनिटं लागली, तोवर सरांनी चहा आणला. ठसा मिंटच्या संकेतस्थळावरच्या ठशाशी अक्षरशः जुळला. याचा अर्थ दुहेरी होता. फाइल शाबूत होती, आणि फर्मवेअरला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाचता येत होती. म्हणजे बिघाड फक्त कर्नलच्या वेगवान वाचनात होता. मी पेनड्राइव्ह संगणकाच्या पुढच्या सॉकेटमधून काढून मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या सॉकेटला लावला. मिंट सुरू झालं. पुढच्या सॉकेटपासून आत जाणारी वायर जुनी, ढिली असते. हळू काम ती निभावून नेते, वेगात मान टाकते.

सॉकेट बदलूनही अडलं असतं तर व्हेंटॉयकडे आणखी एक पर्याय आहे. इन्स्टॉलर निवडल्यावर तो विचारतो की Boot in normal mode की Boot in grub2 mode? दुसऱ्या पर्यायात देखाव्याऐवजी आयएसओच्या आत तिने स्वतःसाठी ठेवलेला मेनू वापरला जातो. काही लिनक्स इन्स्टॉलर नेहमीच्या पद्धतीने रुसतात आणि या पद्धतीने चालतात.

त्या दिवशी ठसा जुळला. तो जुळत नाही तेव्हा बहुधा दोष कॉपी करणाऱ्याच्या घाईचा असतो. लिनक्सवर कॉपीची पट्टी शंभर टक्के झाली म्हणजे फाइल पेनड्राइव्हवर पोचली असं नसतं. बराच भाग अजून संगणकाच्या मेमरीत रांगेत उभा असतो. तेव्हाच पेनड्राइव्ह उपसला की शेपूट तुटलेली आयएसओ हाती येते. नाव यादीत दिसतं, आकारही बरोबर वाटतो, पण इन्स्टॉलर मध्येच कोसळतो. म्हणून कॉपी झाल्यावर Eject किंवा sync, मग पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावायचा आणि त्यानंतरच ठसा तपासायचा. विंडोजवर त्यासाठी वेगळा प्रोग्राम लागत नाही:

```
certutil -hashfile E:\mint.iso SHA256
```

काढून पुन्हा लावण्याला कारण आहे. लगेच तपासलं तर संगणक मेमरीतली ताजी प्रत वाचून सगळं ठीक असल्याचं सांगू शकतो, पेनड्राइव्हवर काहीही असो.

याहून वाईट प्रकार मला एकदाच भेटला, तोही स्वस्तातल्या १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर. रस्त्यावरच्या एका टेबलावर घेतला होता. पहिल्या तीन आयएसओ टाकल्या, तिन्ही चालल्या. चौथी टाकली आणि दुसऱ्या दिवशी यादीच गायब. संगणक पेनड्राइव्हवरून सुरूच होईना, आणि विंडोजमध्ये लावला तर तो फॉरमॅट करू का म्हणून विचारायला लागला. व्हेंटॉयवर चिडून मी तो दोनदा नव्याने बसवला. दोन्ही वेळा पहिले पंधराएक जीबी होईपर्यंत सुख आणि मग तेच. शेवटी एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून पाहिला, तेव्हा लबाडी बाहेर आली. आत चिप १६ जीबीची होती. ती स्वतःला १२८ जीबीची म्हणवून घेत होती आणि जागा संपली की पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला लागत होती. त्या पहिल्याच पानांवर व्हेंटॉयचा सुरुवातीचा प्रोग्राम आणि फाइलींची अनुक्रमणिका असते. चौथ्या आयएसओने तीच खोडली होती. एकच इन्स्टॉलर ठेवणाऱ्या माणसाला असा पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं कळणार नाही. अनेक ठेवणाऱ्याला तो हटकून गाठतो. म्हणून आता नवा पेनड्राइव्ह आला की आधी रिकामा असतानाच काठोकाठ भरून तपासतो, मगच व्हेंटॉय. लिनक्सवर हेच काम f3write आणि f3read करतात.

उलट फार मोठा खराखुरा पेनड्राइव्हही जुन्या यंत्रांना पचत नाही. काही जुन्या बायोसना सुमारे १३७ जीबीच्या पुढचं वाचताच येत नाही, आणि व्हेंटॉयचा छोटा भाग तर पेनड्राइव्हच्या अगदी टोकाला असतो. जुन्या संगणकांसाठी ३२ किंवा ६४ जीबीचाच ठेवावा तो यासाठी.

व्हेंटॉयवर एक आक्षेपही आहे. त्याचा मूळ कोड खुला असला तरी त्यात काही तुकडे आधीच तयार केलेल्या बायनरी फाइलींच्या रूपात आहेत आणि ते कशातून बनले हे सहज तपासता येत नाही, असा प्रश्न २०२४ साली जाहीरपणे विचारला गेला. मी ते वापरतो, पण बँकेच्या किंवा सरकारी गुपितांच्या संगणकावर वापरणार नाही. आणि ते मूळ जागेखेरीज कुठूनही उतरवून घेत नाही.

शाळेतून निघायला संध्याकाळ झाली. सरांनी तसाच पेनड्राइव्ह बनवून मागितला. बनवून दिला आणि सोबत डब्यातला एक जुना, साधा, आठ जीबीचाही दिला, रूफसने एकटं मिंट मांडलेला. “हा कशाला?” त्यांनी विचारलं. म्हटलं, मोठा पेनड्राइव्ह अडला की हा लावून बघा. यावरही तिथेच अडलं तर दोष पेनड्राइव्हचा नाही, संगणकाचा. यावर चाललं तर खो आमच्या गड्याने चुकवला असं समजा आणि मला फोन करा. त्यांनी त्यावर चिकटपट्टी लावली आणि पेनाने लिहिलं, ‘साक्षीदार’.